फोटोवरून नकली सेल ओळखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेलचे फोटो पाठवून "हा खरा आहे का?" असं विचारणाऱ्यांना द्यावी लागणारी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्न १८६५० या लिथियम-आयन सेलबद्दल असतात. टॉर्च, पॉवर बँक आणि लॅपटॉपच्या पॅकमध्ये जाणारा हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. बनावटीचा सुळसुळाटही त्यातच जास्त आहे, म्हणून उत्तरांचा भरही त्यावरच आहे. घड्याळ-रिमोटच्या एए सेलबद्दल शेवटाकडे वेगळे प्रश्न आहेत.

नुसत्या फोटोवरून सेल खरा की खोटा हे खात्रीने सांगता येतं का?

अर्धंच सांगता येतं. फोटोवरून "हा नक्की नकली आहे" असं म्हणता येतं, पण "हा नक्की अस्सल आहे" असं कधीच म्हणता येत नाही. कारण सोपं आहे. बनवणाऱ्याला एक चूक महागात पडते, पण त्याने सगळं बाह्यरूप नीट जमवलं तरी आत काय भरलंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही. फोटोत काही खटकलं नाही तर त्याचा अर्थ एवढाच, की पुढे चार्जरवर क्षमता मोजून बघण्याइतका तो सेल विचारात घ्यायला हरकत नाही.

१८६५० सेलचं वजन किती असायला हवं?

नेहमीच्या ३.६ किंवा ३.७ व्होल्टच्या अस्सल सेलचं वजन साधारण ४४ ते ५० ग्रॅम असतं. कमी क्षमतेचे, म्हणजे २२०० एमएएचच्या आसपासचे सेल खालच्या टोकाला आणि ३५०० एमएएचचे वरच्या टोकाला. क्षमता वाढली की वजन वाढतं, कारण आत गुंडाळलेल्या पट्ट्यांवर प्रत्यक्ष काम करणारा माल जास्त असतो. हा माल जड असतो आणि त्याला पर्याय नाही.

म्हणून ४० ग्रॅमच्या खाली काटा आला की मी सेलकडे संशयाने बघतो, आणि ३५ च्या खाली आला की पुढचे फोटो मागत नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल याच आकारात सुमारे ४० ग्रॅमचे असतात आणि ते अगदी अस्सल असतात. त्यांच्यावर ३.२ व्होल्ट छापलेलं असतं आणि क्षमतेचा आकडाही माफक असतो. लेबलवर ३.७ व्होल्ट आणि काट्यावर ३९ ग्रॅम, अशी जोडी असेल तर ही सवलत मिळत नाही.

सेलवर ९९०० एमएएच लिहिलंय आणि वजन ३३ ग्रॅम आहे. थोडी अतिशयोक्ती असेल, पण सेल चालेल ना?

थोडी नाही. हिशेब मांडून बघू. चांगल्या कंपनीच्या ३५०० एमएएचच्या सेलमध्ये ३.५ गुणिले ३.६, म्हणजे १२.६ वॉट-अवर ऊर्जा मावते आणि तो सुमारे ४८ ग्रॅमचा असतो. म्हणजे ग्रॅममागे जेमतेम ०.२६ वॉट-अवर. तुमच्या सेलचा दावा ९.९ गुणिले ३.७, म्हणजे ३६.६ वॉट-अवरचा आहे, तोही ३३ ग्रॅममध्ये. ग्रॅममागे १.१ वॉट-अवर झाले, चांगल्या सेलच्या चौपटीपेक्षा जास्त. तेवढी ऊर्जा प्रामाणिकपणे भरायची तर सुमारे १४० ग्रॅमचा सेल लागेल, म्हणजे जवळपास तीन सेल.

आता उलट बाजूने बघा. ३३ ग्रॅमचा सेल पूर्ण प्रामाणिक धरला तरी त्यात साडेआठ वॉट-अवर मावतील, म्हणजे सुमारे २३०० एमएएच. प्रत्यक्षात तेवढेही नाहीत. पोलादी डबी आणि झाकण यांचं वजन आतला माल कमी झाला म्हणून कमी होत नाही. त्यामुळे वजनातली सगळी तूट कामाच्या मालातच पडते. हा सेल चालेल, पण लेबलवरच्या आकड्याशी त्याचा संबंध नसेल. आणि ज्याने क्षमतेत एवढी थाप मारली, त्याने सुरक्षेचे भाग नीट बसवले असतील असं मी तरी धरून चालणार नाही.

नेहमीच्या बाजारातल्या १८६५० सेलची कमाल क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास असते. लेबलवर ५०००, ६८०० किंवा १२००० दिसलं तर वजनाचा काटा आणायची गरजच नाही.

विक्रेत्याने वर्णनात "वजन ४६ ग्रॅम" लिहिलंय. मग बरोबर असेल ना?

लिहिलेलं वजन हा पुरावा नाही. ते बहुधा मूळ कंपनीच्या माहितीपत्रकातून उचललेलं असतं, काट्यावरून नव्हे. पण फुकटही जात नाही: वर्णनात ४६ आणि तुमच्या काट्यावर ३८, तर परतीच्या तक्रारीत तोच आकडा तुमच्या बाजूने बोलतो. उतरवून नव्हे, स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

दुसरी गोष्ट, वजन जुळलं तरी सेल सुटला असं होत नाही. मोठ्या डबीत छोटा सेल बसवून उरलेली जागा पांढऱ्या पुडीने किंवा वाळूने भरलेले सेल कापून पाहणाऱ्यांना सापडले आहेत. अशा सेलचं वजन हवं तेवढं करता येतं. थोडक्यात, हलका सेल दोषी ठरतो, पण वजनदार सेल निर्दोष ठरत नाही.

काट्यावर ठेवलेल्या सेलचा फोटो आहे. तो फोटो विश्वासाचा आहे का, हे कसं बघायचं?

आधी एकक बघा. छोट्या डिजिटल काट्यांवर ग्रॅमशिवाय औंस, कॅरेट वगैरे एककं असतात आणि एकच बटण दाबून बदलतात. आकड्याशेजारी `g` स्पष्ट दिसत नसेल तर तो आकडा सोडून द्या. मग बघा की सेल ताटलीवर पूर्ण टेकलाय का. त्याचं टोक काट्याच्या कडेला किंवा झाकणाला लागत असेल तर वजन चुकतं.

सर्वात सोपी पळवाट शून्य हलवण्याची आहे. काहीतरी ठेवून काटा शून्यावर आणायचा, ते काढायचं आणि सेल ठेवायचा, किंवा उलट. एका फोटोत हे पकडता येत नाही. म्हणून मी दोन फोटो मागतो: एकात रिकामा काटा शून्य दाखवत असलेला, दुसऱ्यात त्याच जागी, त्याच उजेडात सेल. शंका राहिलीच तर काट्याची परीक्षा पाण्याने होते. रिकामा पेला ठेवून शून्य करा आणि सिरिंजने मोजून ५० मिलिलिटर पाणी घाला. काट्याने ५० ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवं. घरगुती काट्यात एखाद्या ग्रॅमची चूक चालते, पाचची नाही.

क्रिंप म्हणजे नेमकं काय आणि फोटोत ते कुठे बघायचं?

सेलची डबी एका बाजूने उघडी असते. आत गुंडाळी घातल्यावर तोंडापासून थोडं खाली फिरत्या चाकाने गोल खाच पाडतात. त्या खाचेच्या खांद्यावर प्लॅस्टिकचं गॅस्केट आणि धन टोकाचं झाकण बसतं. मग डबीचा काठ आत दुमडून दाबतात. हा दाबलेला काठ म्हणजे क्रिंप. आतला द्रव बाहेर येऊ नये आणि बाहेरची दमट हवा आत जाऊ नये, हे सगळं त्या काठावर अवलंबून असतं.

फोटो दोन हवेत: एक धन टोकाच्या बरोबर वरून, दुसरा तिरका, उजेड बाजूने टाकून. फ्लॅश नको, त्याने धातू चमकतो आणि सगळे दोष पुसले जातात. वरून बघताना दुमडलेल्या काठाची रुंदी सगळीकडे सारखी हवी. काठ आणि झाकण यांच्यामधली गॅस्केटची रेघ अखंड आणि एकसारखी हवी. झाकण मधोमध हवं. तिरक्या फोटोत आवरणाखालून खाचेचा गोल दबलेला दिसतो, तो सेलच्या कडेला समांतर हवा.

खटकायच्या गोष्टी म्हणजे काठाला लाटा किंवा चुण्या, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता काठ, बाहेर डोकावणारं गॅस्केट, कलतं झाकण, आणि काठावर हत्याराचे ओरखडे. ओरखडे विशेष वाईट, कारण ते कोणीतरी काठ उघडून परत दाबल्याची शक्यता दाखवतात.

पण दोन गोष्टींत गल्लत करू नका. धन टोकाभोवतीची कागदाची किंवा प्लॅस्टिकची पांढरी चकती म्हणजे क्रिंप नव्हे. ती वरून ठेवलेली असते, सरकते, बदलताही येते. ती वाकडी असेल तर आवरण पुन्हा चढवलं असावं एवढाच अंदाज निघतो. आणि खाचेवर एकाच जागी छोटा पोचा असेल तर तो घट्ट होल्डरमध्ये सेल कोंबल्यानेही येतो.

लेबलची अक्षरं धूसर आहेत. छपाई खराब आहे की माझा कॅमेरा?

त्याच फोटोत त्याच अंतरावरची दुसरी बारीक गोष्ट शोधा: आवरणाची कड, पांढऱ्या चकतीचा काठ, एखादा ओरखडा. ती रेखीव आणि अक्षरं फुटलेली असतील तर दोष छपाईचा. सगळंच मऊ दिसत असेल तर फोटो पुन्हा काढा, थोडं लांबून. फार जवळ नेलं की फोन फोकस धरत नाही. मेसेजमधून पाठवलेला फोटो दाबला जाऊन अक्षरांभोवती चौकोनी डाग येतात, त्यावरूनही निर्णय नको. मूळ फाइल मागा.

छपाईतही दोन प्रकार असतात. कंपनीचं नाव आणि मॉडेल आवरणावर छापून येतं, ते ठसठशीत हवं. तारखेचा किंवा लॉटचा कोड मात्र बऱ्याचदा उत्पादनाच्या शेवटी ठिपक्यांच्या छपाईने मारतात. तो फिकट, ठिपक्या-ठिपक्यांचा, किंचित तिरका असू शकतो आणि ते चालतं. उलट कोडही मुख्य मजकुराइतकाच गुळगुळीत, त्याच शाईत आणि मागवलेल्या सगळ्या सेलवर अक्षरशः एकाच जागी असेल तर तो आवरणाच्या चित्राचाच भाग असावा असं मला वाटतं.

लेबलवर काय लिहिलंय त्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. एमएएच हे एकक `mAh` असं लिहितात. `MAH` किंवा `mah` असं लिहिणारा निदान मोठ्या कंपनीचा नाही. काही अस्सल सेलवर `INR19/66` असाही कोड असतो. ही आंतरराष्ट्रीय मानकाची लिहिण्याची पद्धत आहे: आय म्हणजे लिथियम-आयन, एन म्हणजे निकेलवर आधारलेलं रसायन, आर म्हणजे गोल, पुढे व्यास आणि लांबी वरच्या पूर्ण मिलिमीटरला. त्यामुळे १८ चे १९ आणि ६५ चे ६६ दिसतात. हा आकडा बघून "साइज चुकीचा छापलाय, नकली आहे" असं कळवणारे बरेच असतात. तो दोष नाही.

लॉटचा कोड चार सेलवर सारखा असणं स्वाभाविक आहे, ते एकाच खेपेतले असतील. पण प्रत्येक सेलसाठी वेगळा असायला हवा असा चौकोनी ठिपक्यांचा कोड स्कॅन केल्यावर चारही ठिकाणी तेच उत्तर देत असेल, तर आवरणं नक्कल केलेली आहेत.

ऋण टोकावर जोडीजोडीने बारीक ठिपके दिसतात. ते काय?

स्पॉट वेल्डिंगच्या खुणा. पॅकमध्ये सेल जोडताना निकेलची पट्टी दोन टोकांनी एकाच वेळी डागतात, म्हणून ठिपके जोडीने येतात. ते दिसले म्हणजे सेल पूर्वी एखाद्या पॅकमध्ये होता आणि उपटून काढलाय. "नवा" म्हणून विकला असेल तर फसवणूक झाली आहे, मग सेल अस्सल कंपनीचा का असेना. काही जण खुणा घासून काढतात. तेव्हा तळावर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात आणि मध्ये चमक वेगळी असते.

तळाच्या अगदी मध्यावर एकच उथळ गोल दबलेला असेल तर घाबरू नका. आतली पट्टी कारखान्यातच डबीला डागलेली असते, तिची ती खूण.

क्रिंपच्या काठावर तांबूस गंज दिसतोय. सेल गळलाय का?

गंज कुठे आहे ते बघा. दुमडलेल्या काठाच्या कापलेल्या कडेवर केसासारखी बारीक तांबडी रेघ असेल, तर तो बहुधा दमट जागेत ठेवल्याचा परिणाम. डबी निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते आणि कापलेल्या कडेवर तो मुलामा अपुरा असू शकतो. असे अस्सल सेलही असतात.

डाग झाकणाच्या भोकांपासून किंवा गॅस्केटच्या रेघेपासून सुरू होऊन बाहेर पसरला असेल, भोवती पांढुरकं किंवा तपकिरी थर असेल, चकती फुगली किंवा पिवळी पडली असेल, तर आतला द्रव बाहेर आलाय असं समजा. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास हे त्याचं आणखी एक लक्षण, जे फोटोत येत नाही. आतल्या क्षाराचा दमट हवेशी संबंध आला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं. उघड्या हाताने पुसायला जाऊ नका आणि मुद्दाम वास घ्यायलाही जाऊ नका.

एए सेलवर पांढरी पूड आली आहे. म्हणजे तो नकली होता?

यावरून ते ठरत नाही. अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पोटॅशियम कार्बोनेट होतं, तीच ही पूड. नावाजलेल्या कंपनीचा सेलही पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने यंत्रात राहिला की गळू शकतो. गळती वय आणि वापर सांगते.

पूड कशी आहे त्यावरून मात्र सेलचा प्रकार कळतो. लेबलवर अल्कलाइन आणि गळालेला द्रव चिकट, तपकिरी, डबीलाच भोकं पडलेली, तर आत साधा झिंक-कार्बन सेल असण्याचा दाट संशय येतो, कारण त्यात जस्ताची डबीच वापरली जाऊन झिजते. अशा वेळी वजन निर्णायक ठरतं (पुढचा प्रश्न). आणि बंद पाकिटातल्या, तारीख न उलटलेल्या सेलवर पूड असेल तर तो जुना माल नव्या तारखेने आलाय का, हे विचारायला हवं.

माझा एए सेल फक्त १५ ग्रॅमचा आहे. नक्की नकली ना?

आधी सेलवरचा कोड वाचा. `LR6` म्हणजे अल्कलाइन, त्याचं वजन २३ ग्रॅमच्या आसपास हवं. `R6` म्हणजे झिंक-कार्बन, तो बराच हलका असतो आणि १५ ते १८ ग्रॅमचा असणं योग्यच आहे. `FR6` म्हणजे दीड व्होल्टचा, एकदाच वापरायचा लिथियम सेल. तोही सुमारे १५ ग्रॅमचा असतो आणि किमतीने सगळ्यांत महाग. त्यामुळे हलका म्हणून महागडा सेल परत करणारेही भेटतात. लेबल `LR6` आणि काटा १६ ग्रॅम, असं असेल तेव्हाच तुमचा संशय खरा.

सेल ६५ ऐवजी ६९ मिलिमीटर भरतोय आणि वजन ५१ ग्रॅम. हे कसं?

तो बहुधा संरक्षित सेल आहे. ऋण टोकाला छोटं गोल सर्किट बसवून त्यापासून धन टोकापर्यंत एक पातळ पट्टी नेतात आणि वरून दुसरं आवरण चढवतात. लांबी काही मिलिमीटरने आणि वजन दोन-तीन ग्रॅमने वाढतं. आवरणाखाली उभी सरळ रेघ उठलेली दिसते, ती ही पट्टी. अशा सेलवर विकणाऱ्या कंपनीचं आवरण आणि आत दुसऱ्याच कंपनीचा सेल असतो, आणि उघडपणे तसं सांगितलं असेल तर त्यात गैर काही नाही.

वजन बरोबर, क्रिंप स्वच्छ, छपाई ठीक. तरी मन मानत नाही. आणखी काय बघू?

समजा, ३५०० एमएएचचा म्हणून घेतलेला, मोठ्या कंपनीच्या नावाचा, बिनसंरक्षित सेल आहे. काट्यावर ४५ ग्रॅम. आकडा ४४ ते ५० मध्ये बसतो, म्हणून पहिल्या नजरेत सुटतो. पण ३५०० च्या सेलने ४८ च्या आसपास असायला हवं. ४५ हे २२०० ते २६०० च्या सेलचं वजन आहे. नुसती ४४ ते ५० ची पट्टी लावून भागत नाही, लेबलवरच्या मॉडेलच्या माहितीपत्रकातला आकडा लावावा लागतो.

पुढे तळाचा फोटो बघू. आवरणाची कड एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद, आणि तिच्याखालून निळसर रेघ डोकावते, जेव्हा वरचं आवरण हिरवं आहे. म्हणजे जुन्या आवरणावर नवं चढवलंय. तळावर घासल्याच्या रेघाही आहेत (स्पॉट वेल्डिंगचा प्रश्न पाहा). झाकणाच्या पायांची संख्या आणि भोकांचा आकार त्याच मॉडेलच्या माहितीपत्रकातल्या चित्राशी जुळत नाही. सेल स्वतः कुठल्यातरी कारखान्यातला नीट बनवलेला असावा, क्रिंप म्हणूनच स्वच्छ आहे. खोटं आहे ते नाव, क्षमता आणि "नवा" हा शब्द. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंमध्ये अवघड प्रकरणं बहुधा याच जातीची असतात. पुडी भरलेले सेल त्या मानाने लवकर पकडले जातात.

मोठ्या कंपनीचा सुटा १८६५० आकर्षक छापील पाकिटात मिळाला. हे चांगलं लक्षण आहे ना?

उलट. मोठे उत्पादक हे सेल पॅक बनवणाऱ्यांना विकतात, सुटे ग्राहकाच्या हातात जावेत म्हणून बनवत नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुट्या १८६५० सेलबद्दल याच कारणाने इशारा दिला होता. तेव्हा छापील पाकीट हे नंतर कोणीतरी जोडलेलं असतं.

फोटोवरून नकली ठरलेला सेल घरात आहे. आता काय करू?

चार्ज करू नका, उघडूनही बघू नका. "आत पुडी आहे का बघतो" म्हणून कापलेला लिथियम सेल आतल्या आत शॉर्ट होऊन पेटू शकतो. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, सेल किल्ल्या-नाण्यांपासून दूर धातू नसलेल्या डब्यात ठेवा आणि बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या ई-कचरा केंद्रात द्या. पैसे परत मागायचे असतील तर त्याआधी पाच फोटो काढून ठेवा: वरून, तिरका, तळ, लेबल पूर्ण फिरवून, आणि शून्य दाखवणाऱ्या फोटोसह काट्यावरचं वजन.